ग्रीक शिल्पातला देह: प्रश्नमंजूषेची तयारी पायांपासून करा (प्रश्न आणि नमुना उत्तरांसह)

कलेतिहासाच्या पेपरात किंवा प्रश्नमंजूषेत ग्रीक शिल्पावरचा प्रश्न आला की बहुतेक उत्तरांची सुरुवात सारखीच असते: "ग्रीक शिल्पकारांनी मानवी देहाचे सुंदर, प्रमाणबद्ध व वास्तववादी चित्रण केले." या वाक्याला गुण मिळत नाहीत. ते इ.स.पू. सहाव्या शतकातल्या पुतळ्यालाही लागू होते आणि पहिल्या शतकातल्याही. प्रश्न विचारला जातो तो या दोहोंमध्ये काय बदलले याचा.

हा बदल ओळखायला शेकडो पुतळे पाठ करावे लागत नाहीत. सहा पुरतात: न्यूयॉर्कचा कूरोस, क्रिटिओसचा मुलगा, पॉलिक्लिटसचा भालाधारी, प्रॅक्सिटेलीसची क्निडोसची ॲफ्रोडाइटी, लिसिपसचा अंग खरवडणारा खेळाडू आणि रोममधला बसलेला मुष्टियोद्धा. खालचे प्रश्न त्याच क्रमाने घेतले आहेत. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक उत्तर आधीच्या पुतळ्याशी केलेल्या तुलनेवर उभे आहे.

१. आधी जवळ काय हवे

या सहा पुतळ्यांची छायाचित्रे संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून घ्या आणि प्रत्येकाची तीन घ्या: समोरून, बाजूने, पाठीमागून. एकाच छायाचित्रावर भागवू नका. कूरोस आणि भालाधारी यांच्यातला खरा फरक पाठीमागून जास्त स्पष्ट दिसतो, कारण तिथे कण्याची रेघ सरळ आहे की वळलेली हे लगेच कळते. सोबत ट्रेसिंग पेपर, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि मऊ पेन्सिल ठेवा.

प्लास्टरच्या प्रती पाहायला मिळाल्या तर सोडू नका. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रती समोर ठेवून रेखाटन शिकवले जाई, आणि जुन्या कलाशाळांमध्ये अशा प्रती अजूनही दिसतात. पुतळ्याभोवती एक फेरी मारल्यावर जे समजते ते दहा छायाचित्रांतून समजत नाही.

२. पुतळा वाचायचा क्रम: पाय, कंबर, खांदे, डोके

नवशिका आधी चेहरा पाहतो. ग्रीक शिल्पात तिथून सुरुवात केली की वाट चुकते, कारण आदर्श पुतळ्यांचे चेहरे बरेचसे एकमेकांसारखे असतात. सुरुवात पायांपासून करा आणि एकच प्रश्न विचारा: शरीराचे वजन कुठे पडले आहे? दोन्ही पायांवर सारखे, की एकाच पायावर?

मग कंबरेच्या दोन्ही हाडांना जोडणारी रेघ ट्रेसिंग पेपरवर काढा. तशीच दुसरी रेघ दोन खांद्यांना जोडून काढा. या दोन रेघा समांतर आहेत की एकमेकींकडे झुकल्या आहेत, यावरून पुतळ्याचा काळ बऱ्याच अंशी ठरतो. शेवटी डोक्याची उंची मोजा आणि ती पूर्ण उंचीत किती वेळा बसते ते पाहा.

हे आधी स्वतःच्या अंगावर करून पाहा. सरळ उभे राहा, दोन्ही अंगठे कंबरेच्या हाडांवर ठेवा आणि सगळा भार उजव्या पायावर टाकून डावा गुडघा सैल सोडा. उजवा अंगठा वर गेलेला जाणवेल. तोल सांभाळायला उजवा खांदा आपोआप थोडा खाली येतो. ही एक हालचाल अंगात मुरली की पुढची निम्मी उत्तरे पाठ करावी लागत नाहीत.

३. प्रश्न: कूरोसचा एक पाय पुढे असूनही तो चालताना का दिसत नाही? (५ गुण)

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला संगमरवरी कूरोस साधारण इ.स.पू. ५९० ते ५८० या काळातला, सुमारे १.९५ मीटर उंच. कूरोस म्हणजे तरुण. असे पुतळे थडग्यावर खूण म्हणून किंवा देवस्थानात नवस म्हणून उभारले जात. तो ठराविक एका माणसाचा चेहरा नव्हे.

*नमुना उत्तर:* कूरोसचा डावा पाय पुढे आहे, पण भार दोन्ही पायांवर सारखा वाटलेला आहे. खऱ्या माणसाने पाऊल टाकले की कंबरेची एक बाजू वर जाते आणि कणा किंचित वळतो. इथे कंबर आणि खांदे दोन्ही आडवे, समांतर आहेत. हात अंगालगत, मुठी वळलेल्या, नजर थेट समोर. ही ठेवण इजिप्शियन पुतळ्यांसारखी आहे. दगडाच्या चौकोनी ठोकळ्यावर समोरची व बाजूंची आकृती आखून चारही बाजूंनी आत कोरत जायचे, ही पद्धत त्यामागे आहे. म्हणून पुतळा चार वेगवेगळ्या दर्शनी बाजूंचा दिसतो. इजिप्तच्या तुलनेत ग्रीकांनी दोन बदल केले: पुतळा नग्न केला, आणि पाठीचा दगडी आधार व हात-धड यांच्यामधला दगड काढून टाकून त्याला स्वतःच्या पायांवर उभे केले. गुडघे, बरगड्या, पोटाचे स्नायू हे कोरीव नक्षीसारखे वरून मांडलेले आहेत. एका स्नायूच्या ताणाचा दुसऱ्यावर परिणाम दिसत नाही. इथला आदर्श आहे तो न बदलणाऱ्या तारुण्याचा.

मराठी वाचकाला इथे पंढरीच्या विठोबाचे समचरण आठवतील, आणि ते आठवण्यात गैर काही नाही. भार दोन्ही पायांवर सारखा, ही कल्पना त्यावरून पटकन लक्षात राहते. पण उत्तरात कूरोसला 'समचरण' लिहू नका. त्याचे पाय एका रेषेत नाहीत, फक्त भार समान आहे.

याच प्रश्नात एक उपप्रश्न येतो: सगळे कूरोस सारखेच होते का? नव्हते. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला ॲनाविसोसचा कूरोस, साधारण इ.स.पू. ५३०, जवळजवळ तेवढाच उंच, पण मांड्या-दंड भरलेले आणि गोलाई असलेले. त्याच्याशी जोडलेल्या बैठकीवरचा लेख वाटसरूला थांबून क्रॉइसॉससाठी शोक करायला सांगतो. तो आघाडीवर लढताना पडला. म्हणजे नाव एका माणसाचे, देह मात्र सगळ्यांना ठरलेला एकच. ही ओळ उत्तरात घाला. "आदर्श" म्हणजे काय हे तिच्यातून एका दमात सांगता येते.

४. प्रश्न: क्रिटिओसच्या मुलाला वळणाचा टप्पा का मानतात? (५ गुण)

अथेन्सच्या ॲक्रोपोलिस संग्रहालयातला हा पुतळा साधारण इ.स.पू. ४८० चा. हात आणि पायांचा खालचा भाग तुटलेला असून उरलेली उंची सुमारे १.१७ मीटर आहे.

*नमुना उत्तर:* या पुतळ्यात भार डाव्या पायावर आला आहे. उजवा पाय थोडा पुढे आणि गुडघ्यात सैल आहे. त्यामुळे डावी कंबर उजवीपेक्षा वर आहे, आणि डोके किंचित उजवीकडे वळले आहे. हा बदल दोन-चार मिलिमीटरचा वाटतो, पण त्याने पुतळ्याचे तत्त्वच पालटले: एका भागाच्या हालचालीचा परिणाम दुसऱ्यावर दिसू लागला. आर्ष काळातले, म्हणजे कूरोसच्या काळातले, ठराविक स्मित गेले आणि चेहरा गंभीर झाला. म्हणून या टप्प्याला कठोर शैली म्हणतात. खांदे मात्र अजून जवळपास आडवेच आहेत. कंबरेने घेतलेली हालचाल वरपर्यंत पोचलेली नाही.

शेवटची दोन वाक्ये गाळू नका. बहुतेक जण या मुलालाच कंबर आणि खांद्यांचा पूर्ण तिरपा तोल, म्हणजे पुढच्या प्रश्नातला कॉन्ट्रापोस्टो, देऊन टाकतात आणि मग भालाधारीबद्दल सांगायला काही उरत नाही.

आणखी एक काळजी. हा पुतळा क्रिटिओसने घडवला, असे ठाम लिहू नका. क्रिटिओस आणि नेसिओटिस यांनी जुलमी सत्ताधीशाला मारणाऱ्या दोघांचा कांस्य पुतळासमूह घडवला होता. त्याच्या रोमन प्रतीतल्या एका डोक्याशी या मुलाचे डोके जुळते, एवढ्यावरून हे नाव पडले आहे. "क्रिटिओसच्या नावाने ओळखला जाणारा" असे लिहा.

५. प्रश्न: पॉलिक्लिटसच्या भालाधारीच्या आधारे अभिजात काळातला देहाचा आदर्श स्पष्ट करा. (१० गुण)

हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच, म्हणून इथे वेळ द्या. मूळ पुतळा कांस्याचा, साधारण इ.स.पू. ४५० ते ४४० मधला, आणि तो हरवला आहे. आज दिसतात त्या संगमरवरी रोमन प्रती. सर्वांत पूर्ण मानली जाणारी प्रत पॉम्पेईत सापडली, ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, उंची सुमारे २.१२ मीटर.

उत्तराला तीन भाग हवेत: ठेवण, प्रमाण आणि ते प्रमाण कोणासाठी.

*ठेवण.* भार उजव्या पायावर. डावा पाय मागे, टाच उचललेली. भाला डाव्या हातात, म्हणून डावा दंड कामात गुंतलेला. उजवा हात मोकळा सोडलेला. आता कागदावर एक फुली काढा. भार घेणारा उजवा पाय आणि काम करणारा डावा हात एका कर्णावर येतात. सैल डावा पाय आणि रिकामा उजवा हात दुसऱ्या कर्णावर. उजवी कंबर वर आणि उजवा खांदा खाली, त्यामुळे धडाची उजवी बाजू आखडलेली आणि डावी ताणलेली. डोके उजवीकडे वळलेले. या तिरप्या तोलाला कॉन्ट्रापोस्टो म्हणतात. शब्द इटालियन आहे आणि तो पुढच्या काळातला. पॉलिक्लिटसने तो वापरलेला नाही.

*प्रमाण.* पॉलिक्लिटसने 'कॅनन' नावाचा ग्रंथ लिहिला. तोही हरवला आहे. इ.स. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन सांगतो की त्या ग्रंथानुसार सौंदर्य हे अवयवांच्या परस्पर प्रमाणात असते: बोटाचे बोटाशी, सगळ्या बोटांचे तळहात व मनगटाशी, त्यांचे पुढच्या हाताशी, पुढच्या हाताचे दंडाशी, आणि असे सगळ्याचे सगळ्याशी.

इथे मोठा सापळा आहे. "कॅनन ग्रंथात डोके आणि उंची यांचे प्रमाण १:७ सांगितले आहे" असे वाक्य अनेक टिपणांत सापडते. ग्रंथातली अशी संख्या आपल्यापर्यंत आलेली नाही. १:७ हे रोमन प्रती मोजून काढलेले प्रमाण आहे. "प्रतींवरून मोजल्यास सुमारे १:७" एवढेच लिहा.

मोजून पाहायचे असेल तर असे करा. समोरून, छातीच्या पातळीवरून घेतलेले छायाचित्र अशा आकारात छापा की भार असलेल्या पायाच्या टाचेपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत २१ सेंटिमीटर येतील. मग हनुवटीपासून माथ्यापर्यंत मोजा. ३ सेंटिमीटरच्या आसपास आकडा यायला हवा. बरेच कमी आले तर छायाचित्र खालून घेतलेले आहे: संग्रहालयात पुतळा चौथऱ्यावर असतो, कॅमेरा खाली राहतो आणि लांबचे डोके लहान दिसते. बैठकीची जाडी उंचीत धरली असेल तरीही भाग चुकतो.

आता खऱ्या आकारावर या. २१२ सेंटिमीटरला ७ ने भागले की डोके सुमारे ३० सेंटिमीटरचे येते. माणसाचे डोके यापेक्षा बरेच लहान असते. म्हणजे पुतळा जिवंत माणसापेक्षा मोठा आहे, तरी अवजड वाटत नाही. गॅलेनने सांगितलेले तत्त्व इथे डोळ्यांना दिसते: माप कितीही असो, भागांचे एकमेकांशी नाते टिकले पाहिजे.

*कोणासाठी.* हा देह व्यायामशाळेत घडलेल्या स्वतंत्र पुरुष नागरिकाचा आहे. व्यायामशाळेचा ग्रीक शब्दच 'नग्न' या शब्दावरून आला आहे. घरंदाज स्त्री, गुलाम, म्हातारा माणूस या प्रमाणात बसत नाहीत, आणि त्यांना बसवायचा प्रयत्नही नाही.

*नमुना उत्तराचा शेवटचा परिच्छेद:* भालाधारी वास्तववादी नाही. पोट आणि मांडी यांच्या सीमेवरचा स्नायूंचा जाड पट्टा खऱ्या देहात इतका ठळक नसतो. धड आणि पाय यांचा सांधा स्पष्ट दिसावा म्हणून तो वाढवलेला आहे. चेहऱ्यावर व्यक्तीची खूण नाही. निसर्गातून घेतलेली ठेवण आणि संख्येने ठरवलेले प्रमाण यांचा मेळ, हा इ.स.पू. पाचव्या शतकाचा आदर्श आहे.

भारतीय प्रतिमाशास्त्राशी तुलना करण्याचा मोह इथे होतो, आणि ती चांगली तुलना आहे, फक्त एकके सांभाळा. नवताल पद्धतीत मूर्तीची उंची १०८ अंगुळे आणि ताल १२ अंगुळांचा. ताल म्हणजे चेहरा, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत. ग्रीक मोजणीत डोके माथ्यापासून धरले जाते. म्हणून "भारतीय मूर्ती नऊ डोक्यांची, ग्रीक सात डोक्यांची" हे वाक्य चुकीचे आहे. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेले आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.

६. प्रश्न: भालाधारीच्या प्रतीत झाडाचा बुंधा कशासाठी? (२ गुण)

*नमुना उत्तर:* मूळ कांस्य पुतळा आतून पोकळ होता आणि कांस्य ताण सोसते, म्हणून बारीक घोट्यांवर तो उभा राहू शकला. संगमरवर दाब सोसतो पण वाकवणारा ताण सोसत नाही. भरीव दगडाच्या धडाचे वजन घोट्यांवर आले तर ते तिथेच तुटतात. म्हणून रोमन कारागिरांनी पायाला लागून बुंधा ठेवला आणि सुटलेल्या हातासाठी कंबर व मनगट यांच्यात दगडाची छोटी दांडी ठेवली. बुंधा आणि दांडी दिसली की मूळ कृती कांस्याची असण्याची शक्यता मोठी.

जाताजाता मायरनच्या थाळीफेक्याचा प्रश्न इथेच जोडा. ब्रिटिश म्युझियममधल्या टाउनली प्रतीचे डोके दुरुस्ती करताना चुकीच्या दिशेने बसवले गेले आहे. रोममधल्या लान्चेलोत्ती प्रतीत तो वळून थाळीकडे पाहतो, ते बरोबर मानतात. कोणत्या प्रतीचे चित्र दिले आहे ते पाहूनच उत्तर लिहा.

७. प्रश्न: क्निडोसच्या ॲफ्रोडाइटीने कोणता संकेत मोडला? (५ गुण)

*नमुना उत्तर:* इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या आकाराच्या ग्रीक शिल्पात पुरुष नग्न आणि स्त्री वस्त्रांकित, हा नियम होता. कोरे म्हणजे तरुणीचे पुतळे नेहमी कपड्यांत असत. प्रॅक्सिटेलीसने देवीला पूर्ण नग्न दाखवले. रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्याच्याकडे दोन ॲफ्रोडाइटी होत्या. कोस बेटाच्या लोकांनी वस्त्रांकित घेतली, क्निडोसने दुसरी. पुढे राजा निकोमिडिसने शहराचे सगळे कर्ज फेडण्याच्या बदल्यात ती मागितली, पण शहराने दिली नाही. नग्नतेला इथे निमित्त दिले आहे: देवी स्नानाच्या वेळी आहे, शेजारी पाण्याचे भांडे, एका हातात वस्त्र, दुसरा हात अंगापुढे. पुरुष नग्न उभा राहतो तेव्हा त्याला कारण द्यावे लागत नाही. स्त्रीला द्यावे लागले. म्हणून हा पुतळा नवा आदर्श मांडतो आणि जुना भेदही दाखवतो.

मूळ पुतळा नाही. व्हॅटिकनमधली कोलोन्ना प्रत त्याच्या सर्वांत जवळची मानली जाते. लूव्हरमधली मिलोची व्हीनस हा वेगळा आणि नंतरचा पुतळा आहे. तिला प्रॅक्सिटेलीसची म्हणण्याची चूक फार होते.

कॉन्ट्रापोस्टोचे काय झाले, हेही विचारतात. प्रॅक्सिटेलीसने तोल आणखी सैल केला. त्याच्या पुरुष आकृती, पाल मारू पाहणारा अपोलो उदाहरणार्थ, झाडाला रेलतात आणि देह लांब वळणदार रेघ घेतो. भालाधारी मात्र स्वतःच्या तोलावर उभा आहे. नागमोडी रेघ म्हणजेच कॉन्ट्रापोस्टो, असे लिहू नका. तो त्याचा एक पुढचा प्रकार आहे.

८. प्रश्न: लिसिपसने पॉलिक्लिटसचे प्रमाण का बदलले? (५ गुण)

उदाहरण: ॲपॉक्सिओमेनोस, म्हणजे व्यायामानंतर अंगावरचे तेल-धूळ धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडणारा खेळाडू. मूळ कांस्य, साधारण इ.स.पू. ३३०. व्हॅटिकनमधली संगमरवरी प्रत रोमच्या त्रास्तेव्हेरे भागात १८४९ साली सापडली, उंची सुमारे २.०५ मीटर.

*नमुना उत्तर:* लिसिपसने डोके लहान आणि अंग सडपातळ केले. प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यामुळे आकृती जास्त उंच भासते. प्रतीवरून मोजल्यास प्रमाण सुमारे १:८ येते. प्लिनी त्याचे एक म्हणणेही नोंदवतो: आधीच्यांनी माणसे जशी असतात तशी घडवली, मी जशी दिसतात तशी घडवतो. दुसरा बदल जागेचा आहे. एक हात थेट पाहणाऱ्याच्या दिशेने पुढे आला आहे आणि दुसरा छातीवरून आडवा गेला आहे. समोरून पाहिले तर पुढचा हात आखूड दिसतो, धड अर्धे झाकले जाते. पुतळा समजायला बाजूला सरकावे लागते. भार एका पायावर असला तरी दुसराही पूर्ण सैल नाही. पुढच्या क्षणी तो भार बदलेल असे वाटते.

आकडे शेजारी ठेवले की फरक पटतो. नेपल्सचा भालाधारी २१२ सेंटिमीटर, डोके ३० च्या आसपास. व्हॅटिकनचा खेळाडू २०५ सेंटिमीटर, आठने भागले तर डोके २६ च्या जरा आत. उंचीत ७ सेंटिमीटरचा फरक आहे, आणि डोक्यातच ४ ते ५ सेंटिमीटरचा. इतक्या लहान डोक्यामुळे जवळपास तेवढ्याच उंचीचा देह हलका आणि लांब दिसतो. हे गणित उत्तरात दोन ओळींत घाला. कोणतेही विशेषण एवढे काम करत नाही.

९. प्रश्न: मुष्टियोद्ध्याचा पुतळा आदर्श नाकारतो का? (१० गुण)

रोममध्ये क्विरिनाल टेकडीवर १८८५ साली सापडलेला हा कांस्य पुतळा पालाझ्झो मास्सिमोमध्ये आहे. ही प्रत नाही, मूळ ग्रीक काम आहे. त्याच्या काळाबद्दल मतभेद आहेत, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या शतकापर्यंतच्या तारखा सुचवल्या गेल्या आहेत. म्हणून "हेलेनिस्टिक काळातला, म्हणजे सिकंदरानंतरच्या काळातला, मानला जातो" असे लिहा, एकच साल ठोकू नका.

*नमुना उत्तर:* योद्धा सामना संपल्यावर बसला आहे. हातांना चामड्याच्या पट्ट्या अजून बांधलेल्या, खांदे पुढे झुकलेले, मान वळवून तो वर कोणाकडे तरी पाहतो. नाक मोडलेले, कान सुजून जाड झालेले. जखमा आणि त्यांतून गळणारे रक्त लालसर तांबे बसवून दाखवले आहे, डोळ्याखालचा काळानिळा भाग वेगळ्या मिश्रधातूचा आहे. इथे देहाला भूतकाळ आहे: मार खाल्लेला, थकलेला. कूरोस आणि भालाधारी यांना असा भूतकाळ नव्हता. तरी आदर्श पूर्ण गेलेला नाही. छाती, दंड आणि मांड्या अजून कसलेल्या, प्रमाणबद्ध आहेत. झीज चेहऱ्यावर जास्त आहे. म्हणून हा पुतळा आदर्श फेकून देत नाही, त्या आदर्शाची किंमत देहाने काय मोजली ते दाखवतो. पूर्ण नकार पाहायचा तर म्युनिकच्या ग्लिप्टोथेकमधली मद्यधुंद म्हातारी पाहावी: हाडे वर आलेला गळा, वस्त्र खांद्यावरून घसरलेले, मांडीवर दारूचे भांडे.

या उत्तरात "प्रगती" हा शब्द टाळा. लोक कूरोस ते मुष्टियोद्धा ही वाट कच्च्याकडून पक्क्याकडे गेलेली दाखवतात. भालाधारी घडवणाऱ्याला सुजलेला कान घडवता आला नसता, असे म्हणायला आधार नाही. त्याला तो दाखवायचा नव्हता.

१०. प्रश्न: ग्रीक पुतळे पांढरे होते का? (५ गुण)

*नमुना उत्तर:* नाही. संगमरवरी पुतळ्यांचे केस, डोळे, ओठ, वस्त्रांच्या किनारी रंगवत. ॲक्रोपोलिसवरच्या कोरेंवर रंगाचे अंश आजही दिसतात. प्लिनी लिहितो की प्रॅक्सिटेलीसला आपले कोणते संगमरवरी पुतळे सर्वांत आवडतात असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले: ज्यांना चित्रकार निकियासचा हात लागला आहे ते. कांस्यही एकरंगी नव्हते. १९७२ साली दक्षिण इटलीत रियाचेजवळ समुद्रात सापडलेल्या दोन योद्ध्यांपैकी एकाचे दात चांदीचे आहेत आणि दोघांचेही ओठ तांब्याचे. पुरलेल्या पुतळ्यांचे रंग मातीत उडाले, आणि पुढे साफसफाईतही गेले. योहान विंकेलमनने १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास लिहिला तेव्हा त्याच्यासमोर मुख्यतः रोममधल्या संगमरवरी प्रती होत्या. पांढऱ्या, शांत देहाचा आदर्श अशा प्रतींवरून युरोपात रुजला. तो अठराव्या शतकाचा आदर्श आहे, प्रॅक्सिटेलीसच्या काळाचा नाही.

११. सरावासाठी, एका गुणाचे

उत्तर झाकून आधी स्वतः लिहा.

इ.स.पू. ४८० हे साल कितव्या शतकात येते? इ.स.पू. पाचव्या. "चारशे" पाहून चौथे लिहिण्याची चूक सर्रास होते, आणि एका चुकीने पुढची सगळी कालरेषा शंभर वर्षे सरकते.

भालाधारीच्या कोणत्या हातात भाला? त्याच्या डाव्या, म्हणजे समोरून पाहताना आपल्या उजवीकडे. उत्तरात बाजू नेहमी पुतळ्याची लिहा.

क्रिटिओसच्या मुलाचा भार कोणत्या पायावर? डाव्या. भालाधारीचा? उजव्या.

सहा पुतळ्यांपैकी आज कोणते तीन मूळ आहेत? न्यूयॉर्कचा कूरोस, क्रिटिओसचा मुलगा आणि मुष्टियोद्धा. बाकीचे तीन आपण प्रतींवरूनच ओळखतो.